परदेशातून भाच्याला फ्लॅटचं अधिकारपत्र देताना

तुम्ही दुबईला आहात. पुण्यात कोथरूडला तुमचा फ्लॅट आहे. किल्ल्या भाच्याकडे आहेत, आणि "सगळं तूच बघ रे" असं फोनवर सांगून तुम्ही मोकळे झालात. भाचा गुणी आहे, त्याच्याबद्दल शंका नाही. पण सोसायटीचा सेक्रेटरी, प्लंबर आणि भाडेकरू यांना त्याचा गुणीपणा कागदावर दिसावा लागतो. म्हणून आजच एक पत्र लिहा.

पत्रात तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक, फ्लॅटचा पूर्ण पत्ता, भाच्याचं नाव आणि तुमचं नातं लिहा. किती तारखेपासून किती तारखेपर्यंत अधिकार आहे, तेही लिहा. एक वर्ष पुरे, पुढे नवं पत्र देता येतं. सही करून एक प्रत सोसायटीला द्या आणि एक भाडेकरूला.

किल्ल्यांबद्दल नेमकं लिहा. एकूण किती संच आहेत, भाडेकरूकडे किती, भाच्याकडे किती. आणि हे वाक्य नक्की घाला: "भाडेकरू राहत असताना त्याला आधी कळवल्याशिवाय फ्लॅट उघडू नये." घर तुमचं असलं तरी संसार त्याचा चालू असतो. कुलूप उघडण्यावरून झालेला वाद लवकर मिटत नाही.

दुरुस्तीला रकमेची मर्यादा घाला. समजा, पाच हजारांपर्यंतचं काम भाच्याने स्वतः ठरवून करून घ्यावं, त्याच्या वर गेलं तर तुम्हाला विचारावं. वरच्या मजल्यावरून बाथरूममध्ये पाणी गळायला लागलं, तर तुमच्या उत्तराची वाट पाहत भिंत भिजत राहू नये, म्हणून ही मोकळीक. बिल आणि कामाआधी-नंतरचा फोटो त्याने पाठवावा. गळतीबद्दल सोसायटीकडे तक्रार करायचा अधिकारही त्याला लिहून द्या. नाहीतर सेक्रेटरी म्हणेल, "मालकाचं पत्र आणा."

आता भाडं. इथे फार घरांत गफलत होते. भाडं भाच्याच्या खात्यात जमा करायला सांगू नका. ते तुमच्या एनआरओ खात्यातच यावं. भाच्याच्या खात्यात दर महिन्याला पैसे येत राहिले, तर ते त्याचंच उत्पन्न दिसतं आणि उद्या प्राप्तिकर खातं त्यालाच विचारेल. पत्रात त्याचं काम एवढंच लिहा: भाडं आलं का ते पाहणं, आलं नसेल तर आठवण करणं. अनामत रक्कमही तुमच्याच खात्यात घ्या आणि तिथूनच परत करा.

भाडेकरूलाही एक गोष्ट आधीच सांगा. मालक परदेशी राहणारा असेल, तर भाडं देताना कर कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची असते. दर साधारण ३० टक्के आणि त्यावर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. २५,००० रुपये भाडं असेल, तर ७,८०० रुपये सरकारकडे जातील आणि तुमच्या खात्यात १७,२०० येतील. जास्त कापला गेलेला कर तुम्ही विवरणपत्र भरून परत मागू शकता. "कुणी कापत नाही" असं एजंट सांगेल. त्याचं ऐकू नका. करार करताना हे बोललेलं नसलं, की सहा महिन्यांनी भाडेकरू घाबरून तुम्हाला फोन करतो.

आणि हे पत्र कुठे पुरत नाही, तेही समजून घ्या. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून त्रासाचं म्हणजे, वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. भाच्याने तुमच्या वतीने करारावर सही करायची असेल, तर साधं पत्र चालत नाही, मुखत्यारपत्र लागतं. ते दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन, अधिकाऱ्यासमोर सही करून साक्षांकित करून घ्या. मूळ कागद इथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलं पाहिजे. हे भाच्याला आठवणीने सांगा, कारण पाकीट कपाटात पडून राहतं आणि मुदत उलटते.

मुखत्यारपत्र देतानाही ते फक्त भाडेकरार, किल्ल्या आणि दुरुस्तीपुरतंच ठेवा. विक्री, गहाण किंवा बक्षीसपत्राचा अधिकार नाही, असं त्यात स्पष्ट लिहा. छापील नमुन्यात हे सगळे अधिकार एकत्र असतात, म्हणून त्यावर तशीच सही करू नका. भाच्याला राग येईल ही भीती बाळगू नका. त्याला आधी वाचून दाखवा, त्याचंही म्हणणं ऐका, मगच सही करा.