मंजुरीपत्र वाचा, मग पेढे वाटा

कर्ज मंजूर झालं की आपल्याकडे माणूस आधी पेढे घेतो आणि पत्र नंतर उघडतो. बरेच जण उघडतच नाहीत. साहेबांनी फुल्या मारून ठेवलेल्या जागी सह्या करतात आणि वर स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहून देतात, ‘वरील मजकूर वाचला व समजला’. वरचा मजकूर असतो बारीक टायपातल्या इंग्रजीत! वाचला कोणी? समजला कोणाला? हे वाक्य लिहून घेणाऱ्याला ते खोटं आहे हे पक्कं माहीत असतं, तरी तो ते घेतो, कारण उद्या कोर्टात तेच त्याच्या कामी येणार असतं. याला मी लबाडी म्हणतो.

शिरपूरच्या एका कृषी सेवा केंद्रवाल्याने त्याचं मंजुरीपत्र माझ्यापुढे ठेवलं. गोदामासाठी १० लाख, १२ टक्के व्याज, ६० हप्ते, महिना २२,२४४ रुपये. बँक सहकारी. सत्तावीस अटी एकाखाली एक, जणू सगळ्या एकाच जातीच्या. हा ढीग मुद्दाम रचलेला असतो. त्यात तीन वेगळ्या गोष्टी कालवलेल्या असतात: जे पैसे गेले ते कायमचे गेले, ती शुल्कं. जे तुमचंच राहतं पण अडकून पडतं, ते तारण. आणि कधी, किती, कोणत्या क्रमाने द्यायचं, ती परतफेड. तीन कोरे कागद घ्या आणि प्रत्येक अट यांपैकी एकावर उतरवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पत्राचं सारं गांभीर्य तिथेच गळून पडतं.

पहिला कागद शुल्कांचा. प्रक्रिया शुल्क एक टक्का, म्हणजे १०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ११,८००. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकन ६,२००. कर्जाच्या विम्याचा एकरकमी हप्ता २८,०००. एकूण ४६,०००. हे सगळं कर्जातूनच कापायचं, पण व्याज पूर्ण १० लाखांवर! हातात ९,५४,००० आले आणि हप्ता मात्र १० लाखांचा, तर व्याजदर १२ टक्के कसा राहील? एक्सेलच्या कोणत्याही चौकटीत हे टाका:

```
=RATE(60,-22244,954000)*12
```

उत्तर येतं सुमारे १४.१ टक्के. साहेबांच्या टेबलावर ‘फक्त १२ टक्के’ अशी पाटी होती.

विम्याची गंमत तर ऐकाच. चौथी अट म्हणते, विमा ऐच्छिक आहे. एकोणिसावी अट म्हणते, विम्याचा हप्ता भरल्याशिवाय रक्कम वितरित होणार नाही. एकाच पत्रात, एकाच सहीखाली! लिहिणाऱ्याने स्वतःचं पत्र वाचलं नव्हतं, की ग्राहक वाचणार नाही याची त्याला खात्री होती? मला दुसरंच खरं वाटतं.

या प्रकारावर उतारा आहे. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यात सगळी शुल्कं धरून आलेला खरा वार्षिक दर असतो, विम्यासारखी दुसऱ्याच्या नावाने घेतलेली रक्कमही त्यात मोजावी लागते. जे शुल्क त्यात नाही ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. आणि ते वाचायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात. ‘आजच सही करा, नाहीतर मंजुरी जाईल’ म्हणणाऱ्या साहेबाला हा नियम दाखवा. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत. तिथे हा कागद मिळेल या भरवशावर राहू नका. वरचं गणित स्वतःच करा.

आता एक रक्कम उरली, आणि ती फार मुरलेली आहे. कर्जाच्या अडीच टक्के, म्हणजे २५,००० रुपयांचे बँकेचे शेअर. तारणी कर्जाला नागरी सहकारी बँका साधारण एवढे घ्यायला लावतात, विनातारणीला पाच टक्के. हे शुल्क नाही, कारण कर्ज फिटल्यावर परत मागता येतं. नेहमीच्या अर्थाने तारणही नाही. पण हातात येणाऱ्या पैशातून ते जातंच. शिवाय परत मिळणं बँकेच्या तब्येतीवर आहे, आणि हे शिरपूरकराला सांगायला नको. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने शिरपूर मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि पैसे काढणं थांबलं. ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं छत्र असतं, शेअरला नसतं. म्हणून ही रक्कम दुसऱ्या कागदावर, अडकलेल्या पैशांत लिहा.

त्याच दुसऱ्या कागदावर खरा सुरुंग होता. गोदाम गहाण, माल नजरगहाण, मेहुणा जामीनदार, इथवर ठीक. पण बाविसाव्या अटीत म्हटलं होतं की हे तारण ‘कर्जदाराच्या सर्व विद्यमान व भावी देण्यांसाठी’ राहील. म्हणजे हे कर्ज फेडलं, पण उद्या दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलात आणि तो बुडाला, तरी गोदामाची कागदपत्रं बँकेत. मेहुण्याला वाटत होतं, आधी दाजींकडे मागतील, मग माझ्याकडे येतील. अजिबात नाही! करारात वेगळं ठरलं नसेल तर भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक सरळ त्याच्या दारात जाऊ शकते. वैयक्तिक कर्ज फेडल्यावर स्थावर मिळकतीचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. धंद्याच्या कर्जाला तोही आधार नाही, आणि कागद ‘भावी देण्यांत’ गुंतले, तर ते परत मिळणार कधी?

तिसऱ्या कागदाकडे कोणी बघतच नाही, कारण हप्ता कळला की सगळं कळलं असं वाटतं. अरे, हा माणूस जूनमध्ये बियाणं आणि खतं उधारीवर देतो! त्याची वसुली कापूस विकला गेल्यावर, दिवाळीनंतर. पत्रात पहिला हप्ता ५ जुलैला. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात. बँक याच तालुक्यातली, साहेब याच रस्त्याने येतात-जातात, आणि हंगाम कधी असतो हे त्यांना ठाऊक नाही? हप्ता चुकणार हे ठरलेलंच होतं. चुकला की दंड. तो आता व्याजदरात वाढ करून लावता येत नाही, वेगळं दंडशुल्क म्हणून लावावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकाने ते बंद केलं. या पत्रात मात्र ‘थकल्यास दोन टक्के जादा व्याज’ असा जुना साचा तसाच होता. आणखी एक: व्याज ‘मंजुरीच्या दिनांकापासून’. पैसे खात्यात पडायच्या आधीचं व्याज कशाचं? पैसे दिल्या दिवसापासूनच ते लावायचं, हे एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं आहे.

तिन्ही कागद घेऊन आम्ही शाखेत गेलो. साहेब आधी म्हणाले, ‘भाऊ, हा छापील नमुना आहे, बदलत नाही.’ चौथी आणि एकोणिसावी अट शेजारी ठेवल्यावर नमुना बदलला. सक्तीचा विमा निघाला. मुदतीचा विमा केंद्रवाल्याने स्वतः बाहेरून घेतला. ‘भावी देणी’ खोडून फक्त या कर्जाचा खाते क्रमांक आला. व्याज रक्कम दिल्या तारखेपासून, दंड शुल्काच्या रूपात, पहिला हप्ता डिसेंबरात. मधल्या महिन्यांत फक्त व्याज. शेअर मात्र घ्यावेच लागले आणि मेहुण्याचा जामीनही सुटला नाही. शुल्क उरलं १८,०००, आणि ६० हप्त्यांच्या त्याच हिशोबाने खरा दर १४.१ वरून १२.८ वर आला.