निवाड्यांची यादी नको, तक्ता हवा
कायद्याचा वर्ग : साप्ताहिक सदर

परीक्षा तोंडावर आली की कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये एकाच धाटणीच्या नोंदी दिसू लागतात. प्राध्यापकांनी तासाला निवाडे सांगितलेले असतात आणि मुलांनी ते नाव, साल आणि ‘हेल्ड’ अशा क्रमाने एकाखाली एक उतरवून घेतलेले असतात. घटनादुरुस्तीच्या प्रकरणाचीच नोंद पाहा :

शंकरी प्रसाद, १९५१ : संसद मूलभूत हक्कही दुरुस्त करू शकते.
सज्जन सिंग, १९६५ : शंकरी प्रसाद कायम.
गोलकनाथ, १९६७ : मूलभूत हक्कांना हात लावता येत नाही.
केशवानंद भारती, १९७३ : गोलकनाथ रद्द, बेसिक स्ट्रक्चर.
मिनर्व्हा मिल्स, १९८० : ४२वी दुरुस्ती रद्द.

शेवटची ओळ सोडली तर यात ढळढळीत चूक नाही. तरीही या पाच ओळी पाठ करून गेलेला विद्यार्थी पेपरात अडकतो, कारण प्रत्येक ओळ वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. पहिली संसदेच्या अधिकाराबद्दल बोलते, दुसरी आधीच्या निवाड्याबद्दल आणि पाचवी एका विशिष्ट दुरुस्तीबद्दल. यांची तुलना करायची तरी कशी? म्हणून मुलं याचा तक्ता करायला बसतात, आणि बहुतेक जण ‘नाव, साल, निकाल’ असे तीन रकाने आखून तीच यादी चौकटीत बसवतात. रेघा वाढतात, समज होती तिथेच राहते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की तक्त्याचा रकाना हा प्रश्न असला पाहिजे आणि सगळे रकाने निवाड्यांना हात लावण्याआधी ठरले पाहिजेत. ‘निकाल’ हा प्रश्न नव्हे. या पाच निवाड्यांत न्यायालयापुढे खरोखर आलेले प्रश्न तीन होते. अनुच्छेद १३(२) म्हणतो, की मूलभूत हक्क हिरावणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा राज्यसंस्थेने करू नये. मग या ‘कायद्या’त घटनादुरुस्ती धरायची का? अनुच्छेद ३६८ खालच्या दुरुस्तीच्या अधिकाराला काही मर्यादा आहे का, आणि असेल तर कोणती? आणि ज्या दुरुस्तीला आव्हान दिलं होतं, तिचं शेवटी काय झालं? या तिन्हींना स्वतंत्र रकाना दिला की तक्ता असा उभा राहतो :

| निवाडा आणि पीठ | आव्हान कशाला | अनुच्छेद १३ लागू? | अधिकाराला मर्यादा? | त्या दुरुस्तीचं काय झालं |
|---|---|---|---|---|
| शंकरी प्रसाद, १९५१. ५ न्यायमूर्ती, एकमत | पहिली दुरुस्ती | नाही | नाही | टिकली |
| सज्जन सिंग, १९६५. ५ न्यायमूर्ती | १७वी दुरुस्ती | बहुमत : नाही. दोघांना शंका | बहुमत : नाही. दोघांना शंका | टिकली |
| गोलकनाथ, १९६७; ११ न्यायमूर्ती, ६:५ | प्रामुख्याने १७वी | हो | मूलभूत हक्कांचा संकोच करता येत नाही | टिकली; बंदी यापुढच्या दुरुस्त्यांना |
| केशवानंद, १९७३. १३ न्यायमूर्ती, ७:६ | २४, २५ आणि २९वी | नाही | पायाभूत चौकट मोडता येत नाही | २४ व २९ टिकल्या. २५वीचा एक भाग रद्द |
| मिनर्व्हा (अ), १९८०. ५ न्यायमूर्ती, ४:१ | ४२वीचं कलम ४ | प्रश्नच नव्हता | पायाभूत चौकट | कलम रद्द |
| मिनर्व्हा (ब), तेच पीठ, एकमत | ४२वीचं कलम ५५ | प्रश्नच नव्हता | मर्यादा संसदेला स्वतःच पुसता येत नाही | कलम रद्द |

आता गोलकनाथची ओळ आडवी वाचा. अनुच्छेद १३ बद्दल अर्जदारांचं म्हणणं मान्य झालं आणि अधिकाराला मर्यादाही मानली गेली. तरीही ज्या दुरुस्तीविरुद्ध ते आले होते ती टिकली. सरन्यायाधीश सुब्बा राव आणि त्यांच्याबरोबरच्या चार न्यायमूर्तींनी नवा नियम फक्त पुढच्या काळाला लावला, म्हणून आधीच्या दुरुस्त्यांना धक्का लागला नाही. अर्जदार तत्त्वात जिंकले आणि प्रत्यक्षात हरले. ‘निकाल’ नावाच्या एकाच रकान्यात ही गोष्ट मावत नाही. मग विद्यार्थी ‘गोलकनाथने १७वी दुरुस्ती रद्द केली’ असं ठोकून देतो आणि परीक्षकाची लाल पेन्सिल तिथेच थांबते. नियम आणि परिणाम यांचे रकाने वेगळे ठेवायचे ते याचसाठी.

सज्जन सिंगच्या ओळीत आणखी एक गंमत दडलेली आहे. पाचही न्यायमूर्तींनी याचिका फेटाळली, त्यामुळे यादीत ‘शंकरी प्रसाद कायम’ एवढंच उरतं. पण सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या बहुमताशी निकालापुरते सहमत असलेल्या दोघांनी, हिदायतुल्ला आणि मुधोळकर यांनी, शंकरी प्रसादच्या तर्काबद्दल शंका नोंदवली. घटनेचं मूलभूत वैशिष्ट्य बदलणं ही दुरुस्ती म्हणायची की घटनेचा काही भाग नव्याने लिहिणं, असा मुधोळकरांचा सवाल होता. त्या दिवशी त्याला कायद्याचं बळ नव्हतं. पुढे हिदायतुल्ला गोलकनाथमध्ये बहुमताच्या बाजूला बसले आणि मुधोळकरांच्या सवालाशी नातं सांगणारा विचार १९७३ मध्ये कायदा झाला. तक्त्यात ‘दोघांना शंका’ हे दोन शब्द नसतील, तर शंकरी प्रसादकडून गोलकनाथकडे न्यायालय एकदम उडी मारून गेलं असं वाटतं. मात्र ते दोन शब्द बहुमताच्या उत्तरात मिसळू नयेत. ज्याने निकाल ठरत नाही ते त्याच चौकटीत, पण ओळखू येईल असं लिहावं.

जाता जाता सालाविषयी. सज्जन सिंगचा निवाडा ऑक्टोबर १९६४ चा आहे. १९६५ हे तो ज्या निर्णयसंग्रहात छापला गेला त्याचं साल. कोणतंही एक धोरण ठेवा, पण एका ओळीत निर्णयाचं साल आणि दुसरीत छपाईचं, असं नको.

तक्ता करताना सर्वाधिक घोटाळा होतो तो मतविभागणीच्या आकड्यांत. ‘मिनर्व्हा, ४:१’ असं सर्रास लिहिलं जातं. पण न्यायमूर्ती भगवतींचं भिन्नमत फक्त कलम ४ बद्दल होतं. सगळ्याच मार्गदर्शक तत्त्वांच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या कायद्यांना हे कलम अनुच्छेद १४ आणि १९ च्या आव्हानापासून कवच देत होतं, आणि भगवतींच्या मते ते टिकायला हवं होतं. अनुच्छेद ३६८ मध्ये दोन खंड घालून घटनादुरुस्तीवरची न्यायालयीन छाननी बंद करणारं आणि संसदेचा अधिकार अमर्याद ठरवणारं कलम ५५ मात्र भगवतींसह पाचही जणांनी रद्द केलं. म्हणून वर मिनर्व्हाला दोन ओळी दिल्या आहेत. ज्या निवाड्यात दोन प्रश्नांवर न्यायमूर्तींची विभागणी वेगवेगळी आहे, तिथे ओळ फोडायची. ती फोडली की ‘४२वी दुरुस्ती रद्द’ ही वहीतली चूकही आपोआप उघडी पडते. या खटल्यात रद्द झाली ती दोन कलमं, अख्खी दुरुस्ती नव्हे.

केशवानंदचा ७:६ हा आकडा त्याहून फसवा आहे. तेरा न्यायमूर्तींनी मिळून अकरा निकालपत्रं लिहिली. सहा जण एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये न्यायमूर्ती खन्ना, असं ढोबळ चित्र होतं. मूलभूत हक्क दुरुस्त करता येतात, इथे खन्ना एका गटाबरोबर होते. पण घटनेची पायाभूत चौकट मोडता येत नाही, इथे दुसऱ्या गटाबरोबर. सात आकडा पूर्ण झाला तो त्यांच्यामुळे. बहुमताचा सारांश म्हणून काढलेल्या कागदावरही तेरापैकी नऊच सह्या आहेत. इथे तक्त्याची मर्यादा लागते. चौकटीत उत्तर मावतं, त्यामागचं कारण मावत नाही. त्या चौकटीजवळ फक्त ‘खन्ना’ असं लिहा आणि तो परिच्छेद वहीत वेगळा ठेवा. सगळी कारणं तक्त्यात कोंबायला गेलं, की उभं वाचन संपतं आणि तक्त्याचा उपयोगही संपतो.

उभं वाचन म्हणजे चौथा रकाना वरून खाली वाचून पाहणं. मर्यादा नाही, नाही, पण शंका आहे, आहे, मूलभूत हक्कांची, आहे, पण हक्कांची नव्हे तर पायाभूत चौकटीची, आणि ही मर्यादा संसदेला काढून टाकता येत नाही. ‘घटनादुरुस्तीच्या अधिकाराचा विकास सांगा’ या ठरलेल्या प्रश्नाचा सांगाडा इथे तयार मिळतो. समस्याप्रधान प्रश्नातही हाच रकाना कामाला येतो. समजा, संसदेने घटनेत घातलं की निवडणुकीसंबंधीच्या कोणत्याही घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हान देता येणार नाही. यादीवाला विद्यार्थी गोलकनाथपासून सुरुवात करून पानभर लिहितो. तक्तेवाल्याला दिसतं, की अनुच्छेद १३ चा रकाना इथे निरुपयोगी आहे, कारण केशवानंदने तो वाद मिटवला. जवळची ओळ मिनर्व्हा (ब) आहे. तो तिथून सुरुवात करतो, न्यायालयीन छाननी हा पायाभूत चौकटीचा भाग आहे असं मांडतो आणि गोलकनाथला एका वाक्यात निरोप देतो.

कोणता निवाडा तक्त्यात घ्यायचा नाही, हेही रकानेच सांगतात. वामन राव घालून पाहा. महाराष्ट्राच्या शेतजमीन कमाल धारणा कायद्यातून निघालेलं हे प्रकरण. त्यातला परीक्षेला लागणारा मुद्दा असा, की नवव्या अनुसूचीत घातलेल्या कायद्यांचं संरक्षण कोणत्या तारखेपर्यंत निर्विवाद. उत्तर, २४ एप्रिल १९७३, म्हणजे केशवानंदचा दिवस. या उत्तराला आपल्या तक्त्यात रकानाच नाही. ओढूनताणून बसवण्यापेक्षा वामन राव आणि २००७ चा कोएल्हो यांचा नवव्या अनुसूचीचा वेगळा तक्ता करावा. ‘प्रश्नच नव्हता’ असं एखाद्या चौकटीत येणं ठीक आहे, तीही माहितीच असते. ओळीतल्या बहुतेक चौकटींत तेच लिहावं लागलं, तर तो निवाडा चुकीच्या घरात आला आहे. आणि उत्तर ठाऊक नसल्यामुळे चौकट रिकामी राहिली असेल, तर तिथे प्रश्नचिन्ह टाकून मूळ निकालपत्र उघडा. या दोन्ही प्रकारच्या रिकाम्या जागा एकसारख्या दिसू देऊ नका.

बाजारात तयार तक्ते मिळतात, फोनवरून फिरतातही. त्यांत रकाने दुसऱ्याने ठरवलेले असतात, म्हणजे कष्टाचा नेमका तोच भाग विद्यार्थ्याच्या हातून निसटतो. पण सगळा दोष मुलांच्या माथी मारणं बरं नाही. आम्ही शिकवणारे फळ्यावर आधी ‘हेल्ड’ लिहितो आणि न्यायालयाला काय विचारलं होतं ते वेळ उरला तर सांगतो. निवाडा सांगण्याआधी त्यातला प्रश्न फळ्यावर लिहायचा, एवढा क्रम आम्ही बदलला, तर मुलांच्या वहीतले रकाने तासालाच आखून होतील.

— वकीलमास्तर