‘मुझे राग आया था’

बायांनो, आपल्या हिंगोलीकडे मराठी बोलणाऱ्या घरातली मुलगी हिंदी बोलणाऱ्या जैन घरात सून होऊन जाते. भांडण झालं की ती बिचारी मनापासून सांगते, ‘मुझे राग आया था.’ हिंदीत राग गाण्याचा. आणि प्रवचनात आपण ऐकतो तो राग-द्वेषातला राग म्हणजे आसक्ती! तिथं ‘गुस्सा’च म्हणावं. तसंच ‘माझं चुकलं’चं ‘मेरा चूक गया’ होत नाही. ‘मुझसे गलती हुई’ म्हणायचं. अहो-जाहोच्या सवयीनं ‘तुम्ही’चं ‘तुम’ करू नका, हिंदीत तो मान ‘आप’मध्ये आहे.

फोनवर क्षमावाणीचा तयार संदेश पाठवून नवऱ्याशी भांडण मिटतं, हे मला पटत नाही. त्यात नेमकं काय चुकलं ते कुठं असतं? समजा, पाहुण्यांसमोर त्याच्या धंद्यातला तोटा काढला. मग एवढंच म्हणा: ‘मुझसे गलती हुई. मेहमानों के सामने आपके नुकसान की बात मुझे नहीं कहनी चाहिए थी.’ पुढे ‘लेकिन आपने भी…’ नको. उच्चार मराठी राहिला तरी राहू द्या. घाई करू नका, आणि तो बोलेपर्यंत गप्प बसा.