डावीकडे सरकलेले अडीचशे

गेल्या वर्षी आमच्या गावच्या वाचनालयाच्या हिशेबात साडेतीन हजार रुपये कमी भरले. सभासद चाळीस, वर्गणी प्रत्येकी अडीचशे, म्हणजे जमा दहा हजार व्हायला हवी. पावतीपुस्तक दहा हजारच सांगत होतं, पेटीतही तेवढेच होते. संगणकावरचं पत्रक मात्र साडेसहा हजारांवर अडून बसलं होतं. खजिनदारांनी दोन रात्री पावत्या पुन्हा पुन्हा जुळवल्या. शेवटी पुस्तकं बदलायला आलेल्या एका कॉलेजच्या मुलीनं पडद्याकडे बघून विचारलं, "काका, यातले काही आकडे डावीकडे का चिकटलेत?"

डावीकडचे मोजले तर चौदा भरले. चौदा गुणिले अडीचशे म्हणजे साडेतीन हजार. या चौदा नोंदी खजिनदारांनी फिरतीवर असताना मोबाइलच्या मराठी कीबोर्डनं `२५०` अशा भरल्या होत्या आणि उरलेल्या सव्वीस घरच्या संगणकावर `250` अशा. त्या प्रोग्रॅमनं `250`ला संख्या मानून रकान्याच्या उजव्या कडेला बसवलं आणि `२५०`ला एखाद्या नावासारखा मजकूर समजून डावीकडे. बेरीज करताना मजकूर वगळायचा हा त्याचा नियम, त्यामुळे चूक झाल्याचं त्यानं कुठेही सांगितलं नाही. अडखळला असता तर निदान कळलं तरी असतं.

पुढच्या सभेत ठराव आला की यापुढे वाचनालयात सगळीकडे इंग्रजी आकडेच वापरावेत. पत्रकातच नव्हे, तर पावतीवर, सूचनाफलकावर आणि व्याख्यानमालेच्या निमंत्रणातसुद्धा. मी विरोध केला आणि ठराव माझ्या विरोधासह मंजूर झाला. सभेत पाच मिनिटांत जे बोलता आलं नाही, ते इथे सविस्तर मांडतो.

ठरावाच्या बाजूनं पहिला मुद्दा होता, "यंत्राला मराठी आकडे कळत नाहीत." यंत्राला कुठलाच आकडा कळत नसतो. त्याला कळतो तो प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक. युनिकोडमध्ये `0` ते `9` ही दहा चिन्हं एका जागी ओळीनं बसवली आहेत आणि `०` ते `९` ही दहा दुसऱ्या जागी, तितक्याच ओळीनं. देवनागरी शून्याचा क्रमांक सोळा पायाच्या मोजणीत 0966, एकाचा 0967, नवाचा 096F. म्हणजे कुठल्याही देवनागरी अंकाच्या क्रमांकातून 0966 वजा केलं की त्याची किंमत हाती येते. पायथन या संगणकभाषेत `int("२५०")` लिहिलं तर उत्तर सरळ 250 येतं. जावास्क्रिप्टमध्ये `Number("२५०")` लिहिलं तर `NaN` येतं, म्हणजे ही संख्या नव्हे. पहिली लिहिणाऱ्यांनी जगातल्या इतर अंकांचा विचार केला आणि दुसरी लिहिणाऱ्यांनी केला नाही, एवढाच यातला फरक. तो प्रोग्रॅम करणाऱ्याच्या एका ओळीनं मिटतो:

```
s.replace(/[०-९]/g, d => d.charCodeAt(0) - 0x966)
```

ऑनलाइन अर्जात "कृपया वैध रक्कम भरा" असं लाल अक्षरांत मराठीतूनच बजावणाऱ्यांनी ही एक ओळ आधी टाकली असती, तर `२५०` भरणाऱ्याला आपलंच काही चुकलं असं वाटलं नसतं.

"पण पूर्वी तर मराठी आकड्यांची बेरीज व्हायची," असं खजिनदार म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. गोंधळाचं मूळ इथेच आहे. युनिकोडच्या आधीच्या कित्येक मराठी फॉण्टांत आकड्याची कळ दाबली की आत साठायचा साधा `1`, फक्त फॉण्टमध्ये त्या जागी १चं चित्र काढलेलं असायचं. माणसाला १ दिसायचा, यंत्राला `1` मिळायचा आणि दोघंही खूश. फॉण्ट बदलला की सगळी मराठी अक्षरं इंग्रजी कचऱ्यासारखी दिसायची, आकडे तेवढे शाबूत राहायचे, ते यामुळेच. युनिकोडनं १ला स्वतःचा क्रमांक दिला आणि दिसणं नि साठणं यांची ती सोयीस्कर गाठ सुटली. माणसं मात्र अजून जुन्याच समजुतीनं टाइप करतात. यातूनच उलटी फजितीही होते. जुन्या फॉण्टातला मजकूर युनिकोडमध्ये उतरवणारी काही साधनं दिसेल तो आकडा देवनागरी करतात. एका स्मरणिकेच्या मुद्रितात मी फोन नंबरांसकट संकेतस्थळाच्या पत्त्यातलासुद्धा आकडा असा मराठी झालेला पाहिला आहे. तो पत्ता अर्थातच उघडत नव्हता.

दुसरा मुद्दा एका निवृत्त अधिकाऱ्यांनी काढला तो राज्यघटनेचा. अनुच्छेद ३४३मध्ये आंतरराष्ट्रीय आकडेच सांगितले आहेत, असं त्यांचं म्हणणं. सांगितले आहेत हे खरं, पण कुणासाठी? संघराज्याच्या शासकीय प्रयोजनांसाठी. गावच्या वाचनालयाची पावती त्यात येत नाही. शिवाय त्याच अनुच्छेदात राष्ट्रपतींना त्या आकड्यांच्या जोडीनं देवनागरी आकडेही वापरायला परवानगी देता येईल अशी तरतूद होती. नोव्हेंबर २०१६नंतर आलेली पाचशेची नोट खिशातून काढून बघा, तिच्यावर ५०० देवनागरीतही छापलेलं आहे. बंधन असतं तिथे ते स्पष्ट असतं. वाहनाच्या पाटीसाठी केंद्राचा नियमच आंतरराष्ट्रीय आकडे मागतो, तिथे वाद घालायचं कारण नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात चतुर होता, "अहो, ते आकडेही आपलेच!" घटनेचे शब्दही तसेच आहेत, भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या ब्राह्मी लेखात कोरलेले अंक आहेत. तिथून निघालेली परंपरा अरबांमार्गे युरोपात गेली आणि फिबोनाचीनं १२०२च्या आपल्या ग्रंथात त्या नऊ चिन्हांना भारतीयांचीच चिन्हं म्हटलं. सगळं कबूल. पण मूळ एक म्हणून आजची रूपं एकमेकांच्या जागी चालतात असं होत नाही. चालतात असं मानलं की अपघात होतो. देवनागरी ०, २, ३ ही परक्यालाही ओळखू येतात. १ मात्र घाईत `9`सारखा दिसतो, ४ दिसतो `8`सारखा. एकाच संख्येत दोन्ही जाती मिसळल्या तर वाचणाऱ्यानं काय समजायचं? आणि मिसळतात त्या नेहमी. निम्मी रक्कम मराठी कीबोर्डवर टाइप होते, मध्येच शून्यासाठी दुसरा कीबोर्ड येतो आणि `१५0` असं काहीतरी तयार होतं. डोळ्याला ते दीडशेच दिसतं. यंत्राला मात्र त्याचं डोकं आणि शेपूट वेगळ्या प्राण्यांचं वाटतं.

नवी मुलं देवनागरी आकडे वाचत नाहीत, हा मुद्दा मी फार मनावर घेत नाही. सेमी-इंग्रजीत शिकलेली ती कॉलेजची मुलगी डावीकडचे चौदा आकडे पटापट वाचत होती.

आता माझ्या बाजूच्या माणसांशीही भांडायला हवं. सभेत एक ज्येष्ठ सभासद माझ्याहून चार पावलं पुढे होते. त्यांच्या मते खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक, पिनकोड, सगळं देवनागरीतच लिहायचं. त्यांचा अभिमान मला समजतो, पण त्यांच्या वळणानं गेलो तर त्रास आपल्याच वाचकांना होईल. खाते क्रमांक ही खरं तर संख्याच नव्हे. त्याची कुणी बेरीज करत नाही की तो मोठ्यानं वाचून कुणी आनंदत नाही. तो जसाच्या तसा दुसऱ्या यंत्राच्या हाती द्यायचा असतो. फोन नंबर देवनागरीत धाडला तर बऱ्याच ठिकाणी त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही, समोरच्याला तो पाहून पुन्हा टाइप करावा लागतो. फायलींच्या नावांतही तेच. `भाग 10` आणि `भाग २` अशी नावं शेजारी असली तर साध्या क्रमवारीत दहावा भाग दुसऱ्याच्या आधी लागतो, कारण देवनागरी अंकांची रांग इंग्रजी अंकांच्या बरीच मागे आहे.

मग माझं म्हणणं काय? जे माणसानं वाचायचं ते देवनागरीत, जे यंत्रानं मोजायचं किंवा उघडायचं ते `0-9`मध्ये, आणि एका संख्येत दोन्ही कधीच नाहीत. निमंत्रणातली तारीख, लेखातलं साल, फलकावरची वर्गणी, पावतीवरची रक्कम ही मराठी वाक्याचा भाग आहेत. "दि. १ मे रोजी सायं. ६ वाजता" या ओळीत `1` आणि `6` आले की डोळा दोनदा ठेचकाळतो. वेळ लिहिताना मात्र एक जपा. `१०:३०`मधल्या अपूर्णविरामाच्या जागी पुष्कळजण विसर्ग टाइप करतात, `१०ः३०`. दिसायला जवळपास तेच, पण विसर्ग हे अक्षराला लागणारं चिन्ह आहे, आकड्याला नव्हे, आणि काही फॉण्टांत त्याच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटून ते तुम्हाला तसं सांगतंही.

दोन्ही साधायला फार कष्ट नाहीत, कारण दाखवण्याचं काम यंत्र स्वतः करू शकतं. जगभरच्या सॉफ्टवेअरना भाषांचे संकेत पुरवणारा सीएलडीआर नावाचा युनिकोडचा साठा आहे. त्यात हिंदीसाठी मूळ अंक `0-9` ठरवले आहेत, मराठीसाठी देवनागरी. म्हणून ब्राउझरमध्ये

```
(125000).toLocaleString('mr-IN')
```

याचं उत्तर `१,२५,०००` येतं, लाखाच्या स्वल्पविरामासकट. `'hi-IN'` दिलं तर `1,25,000`. म्हणजे आम्ही जे ठरावानं काढून टाकलं, ते मराठीचं म्हणून तिथे आधीच नोंदलेलं आहे. एक्सेलमध्ये रकान्याला `[$-4000439]0` हे स्वरूप दिलं तर आत 250 राहतं, दिसतं २५० आणि बेरीज बिघडत नाही. जुन्या फॉण्टनं जे लपूनछपून केलं, तेच हे उघडपणे करतं.

वाचनालयाच्या पत्रकाला मी हे स्वरूप लावून दिलं. खजिनदार आता `250` टाइप करतात आणि छापलेल्या यादीत २५० येतं. ठराव अजून रद्द झालेला नाही. तो रद्द करण्याचा विषय पुढच्या सभेसाठी मी लेखी दिला आहे. तुमच्या संस्थेत असा ठराव येण्याआधी एवढं करा: हिशेबाचं पत्रक उघडा, रकमांचा रकाना वरपासून खालपर्यंत बघा आणि डाव्या कडेला चिकटलेले आकडे मोजा.