एका नुक्त्याची किंमत

बोईसर स्टेशनबाहेर चहा घेत होतो. तारापूर एमआयडीसीत कामाला असलेला ओळखीचा एक तरुण आला आणि मोबाइल पुढे करत म्हणाला, "भाई, तुम्हाला उर्दू येते ना? हे 'माँ की दुआ'च लिहिलंय ना? रविवारी हातावर काढून घेतोय."

फोटो कोणाच्या तरी हातावरच्या टॅटूचा होता. मी जवळजवळ 'हो' म्हणून गेलो. अर्थ आधीच सांगितला की डोळ्यांना तेच दिसू लागते.

नीट पाहिले तेव्हा चूक कळली. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि बहुतेक अक्षरे एकमेकांना जोडतात. 'माँ'मध्ये मीम अलिफला जोडलेला असतो, 'की'मध्ये काफ आणि ये एकत्र असतात. 'दुआ'त दाल सुटा राहतो, पण ऐन अलिफला जोडतो. फोटोत मात्र आठही अक्षरे सुटी होती आणि पहिला मीम डाव्या टोकाला होता. उर्दू लिपीची सोय नसलेल्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकला की असेच होते.

"मग फोटो उलटा करू?" त्याने विचारले. सेल्फीमुळे फोटो उलटला असेल तर तो उपाय चालतो, कारण तेव्हा अक्षरांचे आकारही आरशातल्यासारखे दिसतात. इथे प्रत्येक अक्षर सुलट होते, फक्त क्रम आणि जोडणी चुकली होती. फोटो फिरवला असता तर आकारही बिघडले असते.

आणखी एक गोष्ट होती. ऐनच्या डोक्यावर काळा ठिपका होता. तो कदाचित त्या माणसाच्या कातडीवरचा तीळ असेल. पण टॅटूवाला फोटो जसाच्या तसा गिरवतो. ऐनवर नुक्ता पडला की त्याचा ग़ैन होतो आणि 'दुआ'चा 'दग़ा' होतो. आईची दुआ मागायला गेलेला पोरगा हातावर आईचा दगा घेऊन फिरला असता.

मी ते शब्द त्याला व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवले. फोनमध्ये अक्षरे आपोआप नीट जोडली जातात, त्यामुळे डिझाइन त्याच्याशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहता येते. मग सांगितले, नवे डिझाइन पालघरला उर्दू जाणणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी दाखव, पण 'हे अमुक आहे ना?' असे विचारू नकोस. 'इथे काय लिहिलंय?' एवढेच विचार. आणि हातावर स्टेन्सिल उमटल्यावर, सुई लागण्याआधी, तिचा फोटो मला पाठव. स्टेन्सिल पुसता येते, शाई नाही.

माझे मत असे, की या चुकीचा दोष एकट्या टॅटूवाल्याचा नाही. ज्याला लिपी येत नाही तो बिचारा चित्रच गिरवणार. आपल्याला ती वाचता येते, म्हणून आपल्याकडे लोक विचारायला येतात. अशा वेळी न वाचताच मान डोलावणे हाही एक दगाच आहे.