‘आठवड्याला ६ गोळ्या’ म्हणजे नेमक्या कशा?

मंडळी, औषधाच्या डब्यातला घडी घातलेला कागद तुम्ही कधी उलगडून वाचला आहे का? त्यालाच म्हणतात रुग्ण माहितीपत्रक. ते इंग्रजीतून मराठीत आणताना खरी परीक्षा असते ती अगदी छोट्या वाक्यांची. आज अशाच एका वाक्याची गोष्ट पाहू.

मेथोट्रेक्झेट हे औषध आमवातावर, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवातावर दिले जाते. त्याची खासियत ही की ते आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायचे असते. समजा डॉक्टरांनी १५ मिलिग्रॅम सांगितले आणि गोळी अडीच मिलिग्रॅमची आहे. म्हणजे ६ गोळ्या. अनुवादकाने लिहिले, ‘आठवड्याला ६ गोळ्या घ्या.’ वाक्य शुद्ध, सोपे, हिशेबही बरोबर.

पण हेच वाक्य घरातल्या आजींच्या नजरेने वाचा. आठवड्याला सहा, म्हणजे सोमवार ते शनिवार रोज एक आणि रविवारी सुट्टी! एकूण औषध तेवढेच पोटात जाते, तरी हे घातक आहे. हे औषध नव्या पेशी तयार होण्याचे काम मंदावते. मधले सहा दिवस मिळाले तर निरोगी पेशी सावरतात. रोज घेतले तर ती उसंतच मिळत नाही, रक्तपेशी घटतात आणि जिवावर बेतू शकते.

अनुवाद तपासण्याची एक रूढ पद्धत आहे. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत करून घेतात आणि दोन्ही इंग्रजी ताडून पाहतात. आपले वाक्य या चाचणीत सहज पास होते, कारण परतीच्या अनुवादातही ‘आठवड्याला सहा’ हेच येते. दोन्हीकडची संदिग्धता सारखीच, म्हणून ती दिसत नाही.

ती दिसते वाचकाला विचारल्यावर. पण ‘समजले का?’ असे विचारू नये. त्याला सगळेच मान डोलावतात. विचारायचे असे : ‘आज सोमवार. आज किती गोळ्या घ्याल? उद्या किती? पुढच्या कधी?’ आजींनी ‘उद्या एक’ म्हटले की दोष आजींचा नाही, वाक्याचा आहे.

मग ‘आठ दिवसांनी एकदा’ लिहावे का? आपण मराठी माणसे आठवड्यालाच आठ दिवस म्हणतो. आज सोमवार असेल तर ‘आठ दिवसांनी या’ म्हणजे पुढच्या सोमवारी. पण कॅलेंडरवर बोट ठेवून मोजणारा मंगळवारावर पोहोचतो, आणि पुढच्या खेपेला बुधवारावर. ‘आठवडाभर’ तर मुळीच नको, त्याचा अर्थ रोज असा होतो.

यावर उपाय म्हणजे वाराचे नाव. दवाखान्याच्या पत्रकात वार आणि गोळ्यांचा आकडा यांसाठी मोकळी जागा ठेवायची. भरल्यावर ते असे दिसेल :

‘दर सोमवारी ६ गोळ्या एकाच वेळी घ्या. मंगळवार ते रविवार या औषधाची एकही गोळी घेऊ नका.’

वार पूर्ण लिहायचा. ‘शु.’ आणि ‘श.’ यांत घाईने वाचणाऱ्याची गफलत होऊ शकते. गोळीची ताकद लिहिताना आकड्याबरोबर ‘अडीच’ हा शब्दही द्यायचा, म्हणजे दशांश चिन्ह पुसट छापले तरी पंचवीस वाचले जाणार नाही. औषधाचे नाव मात्र मराठीबरोबर डब्यावर छापले आहे तसेही हवे, कारण घरच्यांना दोन्ही जुळवून पाहायचे असतात.

पुढची पायरी धोक्याच्या खुणांची. इथे शब्दकोश ‘मुखव्रण’ सुचवतो. घरात कोणी असे म्हणते का? आपण म्हणतो, ‘तोंड आलंय.’ पत्रकात तेच लिहावे. ‘घसा बसणे’ आणि ‘घसा दुखणे’ यांतही फरक आहे. पहिल्यात आवाज जातो. इथे सांगायचे आहे ते दुसरे. मग वाक्य होते : ‘तोंड आले, घसा दुखू लागला, ताप आला, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठले किंवा धाप लागू लागली, तर पुढची गोळी घेण्याआधी लगेच डॉक्टरांना भेटा.’

अर्थात किती गोळ्या आणि कोणता वार, हे डॉक्टरच ठरवणार. अनुवादकाने त्यात आपल्या मनाचे काही घालायचे नाही.

तुमच्या घरात कोणाला हे औषध चालू असेल, तर आज त्यांना एवढेच विचारा : ‘पुढची गोळी कोणत्या वारी?’ उत्तरात वाराचे नाव आले नाही, तर औषधाच्या दुकानात किंवा डॉक्टरांकडे जाऊन तो वार डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.