इंग्रजी गणित आणि मराठी पालक

सोयगांव तालुक्यांतील कापूस पिकविणारे एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यांत आपल्या मुलासह मजकडे आले होते. मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत चौथींत शिकतो. गृहस्थ म्हणाले, “सर, मी सातवीपर्यंत शिकलों, पण सारें मराठींत. ह्याची वही उघडली कीं अक्षरें लागतात, अर्थ लागत नाहीं. आतां तर हा वही माझ्यापासून लपवूं लागला आहे.”

मीं वही पाहिली. एका गणितावर लाल शाईची फुली होती. तें गणित असें होतें: ‘रमेश हॅज ट्वेंटी-नाइन मँगोज. ही हॅज एट फ्युअर दॅन सीता. हाऊ मेनी मँगोज डझ सीता हॅव?’ मुलानें २९ मधून ८ वजा करून २१ हें उत्तर लिहिलें होतें. वजाबाकी बिनचूक होती. चूक होती ती वाचनांत. ‘फ्युअर’ म्हणजे कमी, आणि कमी आलें कीं वजा करावयाचें, एवढेंच त्याच्या मनानें धरलें होतें. कोण कोणापेक्षां कमी, हा विचार त्यानें केलाच नव्हता.

मीं वही मिटली आणि त्याला म्हटलें, “बाळ, ही गोष्ट आतां तुझ्या बाबांना मराठींत सांग.” तो थांबत थांबत म्हणाला, “रमेशकडे एकोणतीस आंबे आहेत. त्याच्याकडे सीतेपेक्षां आठ कमी आहेत.” मीं विचारलें, “मग जास्त कोणाकडे?” तो म्हणाला, “सीतेकडे.” इतक्यांत वडील उद्गारले, “म्हणजे तिचे सदतीस!” ज्या मनुष्यानें जन्मभर कापसाचीं वजनें मनांतल्या मनांत केलीं, त्याला ह्या गणितांत अवघड तें काय असणार? अवघड होतें तें त्यावरचें इंग्रजी आवरण. आणि तें काढण्याचें काम मुलालाच करतां येत होतें.

माझें मत असें कीं, केवळ मराठी जाणणाऱ्या पालकानें गणिताच्या अभ्यासांतून अंग काढून घेऊं नये. मात्र साहाय्याची रीत ठराविक असावी. प्रथम मुलानें गणित इंग्रजींत मोठ्यानें वाचावें. मग वही मिटून तीच हकीकत घरच्या भाषेंत सांगावी. पालकानें भाषांतर करूं नये, केवळ ऐकावें आणि तीन प्रश्न विचारावेत: काय दिलें आहे? काय विचारलें आहे? आणि उत्तर दिलेल्या संख्येपेक्षां मोठें यावें कीं लहान? ह्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पेन्सिल हातीं घेण्यापूर्वीं मिळालें, तर २१ सारखी चूक आपोआप उघडी पडते. शेवटीं आलेलें उत्तर हकीकतींत ठेवून पाहावें (३७ मधून ८ गेले, २९ राहिले, ताळा जमला), आणि उत्तराचें वाक्य मुलानें इंग्रजींत लिहावें. कारण परीक्षा त्याच भाषेंत व्हावयाची आहे.

ह्या रीतीचा आणखी एक उपयोग आहे. मूल कोठें अडतें तें हिच्यामुळें कळतें. हकीकत सांगतांनाच तें अडलें, तर एखादा इंग्रजी शब्द त्याला ठाऊक नाहीं. तो शिक्षकांस विचारावा. हकीकत नीट सांगितली पण उत्तर चुकलें, तर उणीव गणितांत आहे. ती घरीं चिंचोक्यांनीं किंवा नाण्यांनीं भरून काढतां येते. ह्या दोन दुखण्यांना एकच औषध देणें व्यर्थ होय.

आतां एक सावधगिरीची सूचना. वडील जेव्हां ‘एकोणतीस’ म्हणतात, तेव्हां इंग्रजींत शिकणारें मूल पुष्कळदां ३९ लिहितें. त्याच्या कानावर शेवटीं ‘तीस’ पडतें, आणि एकोणचा संबंध तें नवाशीं जोडतें. वास्तविक एकोणतीस म्हणजे तिसांस एक उणा. त्याचप्रमाणें ‘पंचवीस’ ह्या शब्दांत पांच आधीं व वीस नंतर येतात. ‘ट्वेंटी-फाइव्ह’ ह्यांत क्रम उलट आहे. म्हणून पंचवीस ऐकून ५२ लिहिणारें मूल मठ्ठ आहे असें समजूं नये. तें ऐकलेल्या क्रमानें लिहितें, एवढेंच. इंग्रजीही ह्या दोषापासून सर्वथा मुक्त नाहीं. ‘फोर्टीन’ ह्या शब्दांत चार आधीं येतात, आणि तो ऐकून ४१ लिहिणारीं मुलेंही असतात.

हा प्रश्न महाराष्ट्रांत एकदां जाहीर वादाचा विषय झाला होता. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत एकवीस, बावीस ह्या संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशाही वाचण्याची रीत देण्यांत आली. भाषेची मोडतोड होते म्हणून अनेकांनीं टीका केली. गणित विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर ह्यांनीं, जोडाक्षरांचे उच्चार आणि उलटा क्रम मुलांना जड जातात, असें सांगून त्या रीतीचें समर्थन केलें. जुने शब्द टाकावेत असें मी म्हणणार नाहीं. बाजारांत व शेतांत तेच चालतात. परंतु अभ्यासास बसल्यावर पालकानें ‘एकोणतीस, म्हणजे दोन दशक नऊ’ असें दोन्ही म्हणावें. आठवड्याभरांत मुलाच्या मनांत दोन्ही नांवें एका संख्येशीं जुळतात.

वरच्या इयत्तांत पारिभाषिक शब्दांची अडचण येते. मुलगा ‘डिनॉमिनेटर’ म्हणतो आणि वडील गप्प बसतात. पण तो तर त्यांच्या शाळेंतला ‘छेद’च! ‘न्यूमरेटर’ म्हणजे अंश, ‘एलसीएम’ म्हणजे लसावि. ह्यासाठीं वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आंखावेत. एकांत मुलानें आपला शब्द लिहावा, दुसऱ्यांत वडिलांनीं आपला. शाळा राज्य मंडळाची असेल तर आणखी सोय आहे. बालभारती गणिताचें पुस्तक मराठी व इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांसाठीं काढते. त्याच इयत्तेचें मराठी पुस्तक शेजारीं ठेवलें, कीं तेंच प्रकरण व तींच उदाहरणें समोर येतात. केंद्रीय मंडळाच्या शाळांना मात्र हा उपाय लागू पडत नाहीं, कारण त्यांचीं पुस्तकें निराळीं असतात.

ह्या साहाय्याला मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. इंग्रजीचें शुद्धलेखन किंवा निबंध ह्या मार्गानें सुधारणार नाहीं. तें काम शाळेचें आहे. शिवाय पालकानें स्वतःच गणित सोडवून दिलें, तर सारी रीत फुकट गेली. तें ओळखण्याची खूण सोपी आहे. २९ च्या जागीं ४६ घालून मुलाला तीच हकीकत पुन्हां सांगावयास लावावी. त्यानें ५४ सांगितले तर तें शिकलें. ३८ सांगितले तर शिकला तो बाप.

ते गृहस्थ दिवाळीनंतर पुन्हां भेटले. मुलगा आतां रोज संध्याकाळीं स्वतः होऊन वही घेऊन त्यांच्यापुढें बसतो. “सर, तो मला गोष्ट सांगतो आणि मी प्रश्न विचारतों,” ते म्हणाले. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने होते, आणि दुसऱ्या रकान्यांतलें अक्षर वडिलांचें होतें.